नेटवर्कच्या चित्रातून सर्वात जास्त जोडलेला सदस्य कसा शोधायचा

गोल ठिपके, त्यांना जोडणाऱ्या रेषा आणि बाजूला कुणाचा तरी प्रश्न: "यात सगळ्यात जास्त कनेक्टेड कोण?" असं चित्र पहिल्यांदा हातात आलं की नजर आपोआप मधोमध जाते आणि तिथे जो बसलाय त्याचं नाव आपण सांगून मोकळे होतो. निम्म्या वेळा ते बरोबरही निघतं. बाकीच्या वेळी काय होतं आणि ते कसं टाळायचं, ते इथे पायरी पायरीने सांगतो.

सगळ्या पायऱ्यांसाठी एकच उदाहरण घेतो. पंधराव्या शतकातल्या फ्लॉरेन्समधल्या बड्या घराण्यांच्या सोयरिकींचं जाळं. जॉन पॅजेट यांनी गोळा केलेली ही माहिती नेटवर्क शिकवणारे जगभर वापरतात, कारण ती हातानं मोजता येईल इतकी लहान आहे आणि तरीही फसवायला पुरेशी मोठी. 16 घराणी, 20 रेषा. दोन घराण्यांत लग्नसंबंध असेल तर त्यांच्यात एक रेषा. या रेषा अशा:

- मेडिची: अच्चाजुओली, बार्बादोरी, रिदोल्फी, तोर्नाबुओनी, अल्बिझी, साल्व्याती
- स्ट्रोझी: कास्तेल्लानी, पेरुझी, रिदोल्फी, बिस्केरी
- ग्वादान्यी: तोर्नाबुओनी, अल्बिझी, बिस्केरी, लांबेर्तेस्की
- कास्तेल्लानी: पेरुझी, बार्बादोरी
- पेरुझी: बिस्केरी
- रिदोल्फी: तोर्नाबुओनी
- अल्बिझी: जिनोरी
- साल्व्याती: पाझी

सोळावं घराणं पुच्ची. त्याला या 16 घराण्यांत एकही सोयरीक नाही. यादीत प्रत्येक रेषा एकदाच लिहिली आहे, हे लक्षात ठेवा. पुढे ते लागणार आहे.

जवळ काय हवं

- चित्राची छापील प्रत, शक्यतो मोठी
- पेन्सिल आणि एक वेगळ्या रंगाचं पेन
- चित्राची सूची, म्हणजे ठिपका म्हणजे काय, रेषा म्हणजे काय हे सांगणारा कोपऱ्यातला मजकूर
- चित्र ज्या माहितीवरून काढलं ती जोड्यांची यादी, मिळत असेल तर

शेवटची गोष्ट मिळाली तर निम्मं काम झालं. चित्र करणाऱ्याकडे ती असतेच, फक्त मागावी लागते.

## 1. आधी रेषेचा अर्थ विचारा

ठिपक्याला नोड म्हणतात, रेषेला लिंक किंवा दुवा. नोड म्हणजे कोण हे सहसा स्पष्ट असतं: माणूस, घराणं, संगणक, गाव. घोळ होतो तो दुव्याचा. "संबंध आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. कुठला संबंध, कुठल्या काळातला, आणि तो आहे हे कुणी ठरवलं, हे विचारा.

याचं कारण आपल्या उदाहरणातच आहे. याच 16 घराण्यांचं दुसरंही एक जाळं आहे, ते व्यापार आणि कर्जाच्या व्यवहारांचं. सोयरिकींच्या चित्रात स्ट्रोझी घराण्याला चार रेषा आहेत. व्यवहारांच्या चित्रात त्याच स्ट्रोझींना एकही नाही, ते पुच्चींसारखे एका बाजूला एकटे पडलेले दिसतात. घराणं तेच, काळ तोच, रेषेचा अर्थ बदलला आणि वरच्या फळीतलं नाव तळाला गेलं. म्हणून "सर्वात जास्त जोडलेलं कोण" हा प्रश्न अर्धाच आहे. "कशानं जोडलेलं" हे त्याच्याबरोबर यायलाच हवं.

दोन्ही प्रकारच्या रेषा एकाच चित्रात दोन रंगांनी काढलेल्या असतील तर एका वेळी एकच रंग मोजा. मेडिची आणि तोर्नाबुओनी यांच्यात सोयरीकही होती आणि व्यवहारही. दोन्ही रंग एकत्र मोजलेत तर शेजारी एकच असून तुमच्या आकड्यात तो दोनदा येईल.

## 2. चित्रातल्या जागेवर विश्वास ठेवू नका

ही पायरी खरं तर काही न करण्याची आहे, पण लोक सर्वात जास्त इथेच घसरतात.

नेटवर्कच्या चित्रात ठिपका कुठे ठेवायचा याचा बहुतेक वेळा काहीच ठरलेला अर्थ नसतो. नकाशात वर म्हणजे उत्तर असते, आलेखात उजवीकडे म्हणजे जास्त असतं. इथे तसं काही नाही. बहुतेक सॉफ्टवेअर ठिपके एकमेकांना ढकलतात आणि जोडलेले ठिपके एकमेकांकडे ओढले जातात, असा हिशेब करून जागा ठरवतात. सुरुवातीच्या जागा सहसा यादृच्छिक असतात, त्यामुळे तीच माहिती पुन्हा चालवली की चित्र फिरतं, उलटतं, कधी वेगळंच दिसतं. रेषा मात्र त्याच राहतात.

भरपूर जोडलेला ठिपका मधोमध येण्याकडे कल असतो, हे खरं. पण दोन मोठ्या गटांच्या मध्ये अडकलेला, दोनच रेषांचा ठिपकाही बरोबर मध्यावर येतो. आपल्या जाळ्यातलं बार्बादोरी घराणं पाहा: एक रेषा मेडिचींकडे, दुसरी कास्तेल्लानींकडे. काही मांडण्यांत ते अगदी मोक्याच्या जागी दिसतं. रेषा दोनच.

ठिपक्याच्या आकाराचंही तसंच. मोठा ठिपका म्हणजे जास्त दुवे असं सूचीत लिहिलेलं असेल तरच ते धरायचं. आकार कित्येकदा पैसा, वय, पगार किंवा लोकसंख्या दाखवतो. फ्लॉरेन्सचं चित्र संपत्तीनुसार काढलं तर स्ट्रोझींचा ठिपका मेडिचींपेक्षा मोठा येतो, कारण या माहितीत स्ट्रोझी जास्त श्रीमंत आहेत.

## 3. चित्र सोडून यादीवर या

आता पेन्सिल उचला. कुठल्याही एका कोपऱ्यातून सुरू करा, एक रेषा घ्या, तिची दोन्ही टोकं कागदावर लिहा आणि चित्रातल्या त्या रेषेवर छोटी खूण करा. मग पुढची. ठिपक्यामागून ठिपका घेऊन त्याच्या रेषा मोजत सुटू नका. गर्दीच्या ठिकाणी कुठली रेषा मोजली नि कुठली राहिली हे पाचव्या मिनिटाला कळेनासं होतं.

इथे डोळ्याला दोन ठिकाणी हमखास फसायला होतं. पहिलं, दोन रेषा एकमेकींना छेदतात ती जागा. तिथे ठिपका काढलेला नसेल तर तिथे कुणीही नाही, रेषा फक्त एकमेकींवरून गेल्या आहेत. दुसरं जास्त वाईट: एखादी लांब रेषा मधल्या ठिपक्याच्या पाठीमागून सरळ निघून जाते. पाहणाऱ्याला वाटतं दोन रेषा त्या ठिपक्यावर येऊन थांबल्या. शंका आली की पट्टी लावा. ठिपक्याच्या दोन्ही बाजूंची रेषा अचूक एका सरळीत, त्याच जाडीची आणि रंगाची असेल, तर ती आरपार गेलेली असण्याची शक्यता मोठी. अशा जागी चित्र करणाऱ्याला विचारण्याला पर्याय नाही.

आणि ज्यांना एकही रेषा नाही त्यांची नावं वेगळी लिहून ठेवा. जोड्यांच्या यादीत पुच्ची कधीच येणार नाहीत, कारण त्यांची जोडीच नाही. ते राहिले की सदस्य 16 ऐवजी 15 होतात आणि दर घराण्यामागची सरासरी 2.5 वरून 2.67 वर जाते. "सर्वात जास्त कोण" याचं उत्तर त्यानं बदलत नाही, पण सरासरीशी तुलना करून काही बोलणार असाल तर ते चुकतं.

## 4. प्रत्येकाची डिग्री मोजा आणि बेरीज तपासा

एका नोडला जितके दुवे, तितकी त्याची डिग्री. यादीत एखादं नाव जितक्या वेळा येतं तितक्या रेघा त्याच्या पुढे मारा. नाव रेषेच्या कुठल्याही टोकाला असलं तरी मोजायचं. वरची यादी पाहून कास्तेल्लानींची डिग्री दोन वाटते, कारण त्यांच्या नावापुढे दोनच नावं आहेत. पण स्ट्रोझींच्या ओळीतही कास्तेल्लानी आहेत. त्यांची डिग्री तीन.

पूर्ण मोजणी अशी येते:

- 6: मेडिची
- 4: स्ट्रोझी, ग्वादान्यी
- 3: कास्तेल्लानी, पेरुझी, बिस्केरी, रिदोल्फी, तोर्नाबुओनी, अल्बिझी
- 2: बार्बादोरी, साल्व्याती
- 1: अच्चाजुओली, पाझी, जिनोरी, लांबेर्तेस्की
- 0: पुच्ची

आता ताळा. सगळ्या डिग्र्यांची बेरीज दुव्यांच्या संख्येच्या बरोबर दुप्पट यायला हवी, कारण प्रत्येक रेषेला दोन टोकं आहेत आणि ती दोन जणांच्या खात्यात पडते. इथे 6 + 8 + 18 + 4 + 4 = 40, आणि दुवे 20. जमलं. बेरीज विषम आली तर डोळे झाकून समजा की कुठल्या तरी रेषेचं एकच टोक मोजलं गेलंय.

या ताळ्याची मर्यादाही ओळखून असा. एखादी रेषा यादीत लिहायचीच राहिली तर दोन्ही बाजू सारख्याच कमी होतात आणि ताळा आनंदानं जमतो. त्यासाठी चित्रावरच्या पेन्सिलीच्या खुणा पुन्हा बघाव्या लागतात. खूण नसलेली एकही रेषा उरता कामा नये.

## 5. रेषांना बाण असतील तर थांबा

सोयरीक दोन्हीकडून सारखी असते, त्यामुळे फ्लॉरेन्सच्या चित्रात बाणांची गरज नाही. पण "कोण कुणाला सल्ला विचारतं", "कोण कुणाला फॉलो करतं" अशा चित्रांत रेषेला दिशा असते. तिथे प्रत्येकाचे दोन आकडे काढायचे: आत येणारे बाण आणि बाहेर जाणारे बाण. रोज वीस जणांना निरोप पाठवणारा आणि वीस जणांकडून निरोप येणारा, दोघांची एकूण बेरीज सारखी असू शकते. पण पहिल्याला लोक ओळखतात की नाही हे त्यातून कळत नाही.

एक सापळा फक्त पाहणीतून आलेल्या चित्रांत असतो. प्रश्नावलीत "तुमच्या जवळच्या तीन सहकाऱ्यांची नावं लिहा" असं विचारलेलं असेल तर प्रत्येकाकडून बाहेर जाणारे बाण जास्तीत जास्त तीनच. ती संख्या माणसाबद्दल काही सांगत नाही, ती फॉर्ममधल्या रकान्यांची संख्या आहे. अशा वेळी फक्त आत येणारे बाण मोजा.

## 6. बरोबरी झाली तर शेजाऱ्यांकडे बघा

पहिला क्रमांक मेडिचींचा, त्यात वाद नाही. दुसऱ्या क्रमांकावर स्ट्रोझी आणि ग्वादान्यी दोघंही चारवर. माझ्या मते या चित्रातली सगळ्यात शिकण्यासारखी जागा हीच आहे, म्हणून इथे थोडं रेंगाळू.

आधी दोघांचे चार-चार शेजारी लिहा आणि ते आपसात जोडलेले आहेत का बघा. चार जणांत जोड्या सहा होतात. स्ट्रोझींच्या शेजाऱ्यांत दोन जोड्या आपसात जोडलेल्या आहेत: कास्तेल्लानी–पेरुझी आणि पेरुझी–बिस्केरी. ग्वादान्यींच्या शेजाऱ्यांत एकही नाही. तोर्नाबुओनी, अल्बिझी, बिस्केरी आणि लांबेर्तेस्की यांच्यात थेट सोयरीक नाही. म्हणजे स्ट्रोझींचं वर्तुळ त्यांच्याशिवायही एकमेकांना गाठू शकतं. ग्वादान्यींच्या शेजाऱ्यांना एकमेकांकडे जाताना ग्वादान्यींमधून जावं लागतं, नाहीतर वळसा घ्यावा लागतो.

आता बोटाची परीक्षा. चित्रात स्ट्रोझींच्या ठिपक्यावर बोट ठेवा, म्हणजे तो ठिपका आणि त्याच्या चारही रेषा नाहीत असं समजा. उरलेलं जाळं तुटतं का? नाही. कास्तेल्लानी, पेरुझी, बिस्केरी, ग्वादान्यी अशी साखळी शाबूत आहे आणि रिदोल्फी मेडिचींना धरून आहेत. आता ग्वादान्यींवर बोट ठेवा: लांबेर्तेस्की एकटे पडतात. आणि मेडिचींवर ठेवलंत तर अच्चाजुओली सुटतात, शिवाय साल्व्याती आणि पाझी ही जोडीही बाकीच्यांपासून तुटते. बाकीची 11 घराणी मात्र तरीही एकमेकांना धरून राहतात.

हीच गोष्ट आकड्यात मांडायची तर "बिटवीननेस" नावाचं माप आहे. बाकीच्या दोघा-दोघांमधल्या सर्वात जवळच्या वाटांपैकी किती वाटा या घराण्यातून जातात, त्याचं ते प्रमाण. मेडिची 0.52, ग्वादान्यी 0.25, स्ट्रोझी 0.10. आणि तीनच रेषा असलेल्या अल्बिझींचं 0.21, म्हणजे चार रेषांच्या स्ट्रोझींच्या दुप्पट. जिनोरींना बाहेर पडायला अल्बिझींशिवाय वाट नाही, आणि मेडिची व ग्वादान्यी यांच्यामधल्या दोन छोट्या वाटांपैकी एक अल्बिझींतून जाते.

म्हणून अहवालात हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. "कुणाचे संबंध सर्वात जास्त" याचं उत्तर डिग्री देते. "कुणावाचून अडतं" याचं उत्तर ती देत नाही. मेडिची दोन्हीत पहिले आहेत हा या चित्राचा योगायोग आहे, नियम नव्हे.

## 7. रेषा मोजता येण्यापलीकडे गेल्या की सॉफ्टवेअर

साधारण 50 रेषांपर्यंत हातानं जमतं. त्यापुढे चित्र म्हणजे लोकरीचा गुंता होतो आणि त्याकडे बघत बसण्यात अर्थ नसतो. सरळ जोड्यांची यादी घ्या.

कोड नको असेल तर `Gephi` हे मोफत सॉफ्टवेअर चालेल. यादीच्या फाइलीत `Source` आणि `Target` असे दोन रकाने करा. फाइल आत घेताना ग्राफचा प्रकार विचारला जातो, तिथे सोयरिकीसारख्या बिनबाणाच्या दुव्यांसाठी `Undirected` निवडायला विसरू नका. मग `Statistics` मध्ये `Average Degree` चालवा. `Data Laboratory` मध्ये प्रत्येक नोडसमोर `Degree` रकाना येतो, त्याच्या मथळ्यावर क्लिक करून उतरत्या क्रमानं लावा.

पायथन येत असेल तर `NetworkX` मध्ये हे उदाहरण तयारच आहे:

```python
import networkx as nx
G = nx.florentine_families_graph()
d = sorted(G.degree(), key=lambda x: x[1], reverse=True)
print(d[:5])
```

उत्तरात `Medici` 6, `Strozzi` 4, `Guadagni` 4, `Castellani` 3, `Peruzzi` 3 असं येईल. इथे "पहिली पाच घराणी" म्हणून ही यादी कुणाला पाठवू नका. तीनवर एकूण सहा घराणी आहेत. त्यातली दोनच वर आली, कारण ती माहितीत आधी भरली गेली होती. यादी नेहमी बरोबरी सुटते तिथे कापा: इथे एक, तीन किंवा नऊ नावं देता येतील, पाच नाही. आणि या तयार जाळ्यात 15च घराणी आहेत. पुच्ची अर्थातच गायब.

स्वतःची यादी वापरत असाल तर मोजण्याआधी नावं एकसारखी करा. "मेडिची" आणि शेवटी एक रिकामी जागा असलेलं "मेडिची " हे संगणकाला दोन वेगळे नोड वाटतात आणि डिग्री दोघांत वाटली जाते. नोडची एकूण संख्या अपेक्षेपेक्षा जास्त दिसली की पहिला संशय यावर घ्या.

## 8. उत्तर लिहिताना

नुसतं नाव देऊ नका. या उदाहरणाचं उत्तर मी असं लिहीन: "निवडलेल्या 16 घराण्यांमधल्या सोयरिकी मोजल्या तर मेडिचींचे दुवे सर्वाधिक, सहा, त्यानंतर स्ट्रोझी आणि ग्वादान्यी, प्रत्येकी चार." "निवडलेल्या 16" हे शब्द गाळू नका. मूळ माहिती 116 घराण्यांची आहे आणि चित्रात नसलेल्या शंभर घराण्यांशी कुणाचे किती संबंध होते ते या मोजणीत येत नाही. पुच्चींची शून्य डिग्रीसुद्धा या 16 जणांपुरतीच आहे.

सरावासाठी पुढचं जाळं घ्या एका कराटे क्लबचं, वेन झॅकरी यांनी 1977 मध्ये प्रसिद्ध केलेलं: 34 सदस्य, 78 दुवे. `nx.karate_club_graph()` लिहिलं की मिळतं. डिग्र्यांची बेरीज 156 आली पाहिजे आणि पहिले तीन आकडे 17, 16 आणि 12. फक्त क्रमांकांकडे लक्ष ठेवा. मूळ मांडणीत सदस्य 1 ते 34 आहेत, `NetworkX` मध्ये 0 ते 33. त्यामुळे 17 दुव्यांचा क्लबचा व्यवस्थापक मूळ चित्रात 34 आहे आणि पडद्यावर 33 दिसेल; 16 दुव्यांचा प्रशिक्षक मूळ चित्रात 1, पडद्यावर 0.